‘सगळ्यांचं तसंच’ हे कोण म्हणतंय?

ताई, मी सिंधुदुर्गातल्या एका बंदरावर मासळी विकणाऱ्या बायका भांडवल कुठून उभं करतात आणि उधारी कशी सांभाळतात, यावर पीएच.डी. करते आहे. १६ मुलाखती झाल्या. अकरावीनंतर तेच तेच ऐकू यायला लागलं, म्हणून थांबले. गाइड म्हणतात, किमान ३० तरी हव्यात. बरोबरचा एक जण म्हणतो, १२ पुरतात, तसा पेपरच आहे. प्रबंधात मी ‘डेटा सॅच्युरेशन झाल्यावर मुलाखती थांबवल्या’ एवढंच लिहिलं होतं. समितीने त्यापुढे ‘कशावरून?’ असं लिहून परत पाठवलं. मुलाखतींची यादी, कोडांचा तक्ता आणि नावं काढलेल्या दोन ट्रान्स्क्रिप्ट सोबत जोडते. थांबू की अजून करू? आणि लिहू काय?
— एक संशोधक विद्यार्थिनी

तुम्ही कागद सोबत जोडलेत हे फार बरं केलंत. एरवी अशा पत्राला मला मोघम उत्तर द्यावं लागतं. आता तुमच्याच यादीवर बोट ठेवून बोलता येईल.

कोडांच्या तक्त्याआधी मी यादी वाचली. १६ जणींपैकी १४ जणी एकाच मच्छी मार्केटमध्ये ओट्यावर बसणाऱ्या. त्या चौदाही जणींची गाठ बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी घालून दिलेली. बहुतेकींचं वय ४५ ते ६० च्या दरम्यान, आणि सगळ्या ताजी मासळी विकणाऱ्या. उरलेल्या दोन म्हणजे आठवी आणि बारावी. आठव्या बाई डोक्यावर पाटी घेऊन एसटीने आतल्या गावांत जातात. त्या तुम्हाला मावशीच्या शेजारी भेटल्या. बारावी ही एक तरुण सून, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन हॉटेलांना मासळी पोचवणारी.

आता तक्ता. कोड म्हणजे बोलण्यातल्या एकेका मुद्द्याला आपण दिलेलं नाव. पहिल्या सहा मुलाखतींत नवे कोड आले ते असे: १३, ८, ७, ५, ३, ४. एकूण ४०. सातवीपासून सोळावीपर्यंत मिळून आले फक्त ८. नुसते आकडे पाहिले तर चित्र छान आहे, उतार लागला आणि सपाटी आली. पण ते आठ कोड कुणी आणले ते पाहा. सातवीने दोन, नववीने एक, दहावीने एक. आठवीने एकटीने तीन आणि बारावीने एक. म्हणजे सहाव्या मुलाखतीनंतर जे काही नवं आलं त्यातलं निम्मं त्या दोघींकडून आलं, ज्या अध्यक्षबाईंच्या ओळखीतल्या नव्हत्या आणि ओट्यावर बसत नव्हत्या. बाकीच्या आठ जणींनी मिळून उरलेलं निम्मं दिलं.

याचा अर्थ तुमच्या १६ मुलाखती वाया गेल्या असा अजिबात नाही. अर्थ एवढाच की संपृक्तता, म्हणजे तुमचं सॅच्युरेशन, आली असेल तर ती एका मार्केटातल्या, एका वयाच्या, एका गटातल्या बायकांच्या अनुभवाची आली. ‘मासळी विकणाऱ्या बायकांचा’ अनुभव संपृक्त झाला, असं तुमचा तक्ता म्हणत नाही. उलट वेगळी बाई भेटली की लगेच नवं येतं, असंच तो दाखवतो.

‘सॅच्युरेशन’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण तो आला कुठून ते विसरतो. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये तो मांडला, तेव्हा त्यांची अट साधी पण कडक होती. एखादी संकल्पना हाती लागली की ती ताणून बघायची, मुद्दाम वेगळ्या गटांकडे जायचं, आणि तिथेही तिच्यात नवीन काही भरेना झालं तरच थांबायचं. सारख्या माणसांकडून सारखं ऐकून थांबणं त्यात बसत नाही. आज बहुतेक प्रबंधांत हा शब्द ‘मला कंटाळा येईपर्यंत तेच तेच ऐकलं’ या अर्थाने येतो, आणि समितीचं ‘कशावरून?’ तिथेच येतं.

मी हे वरून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधासाठी मी देवगड भागातल्या आंबाबागांमधल्या मजुरांशी बोलले होते. २२ मुलाखती केल्या, सॅच्युरेशनचं वाक्य लिहिलं. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: ‘यात नेपाळी राखणदार किती?’ एकही नव्हता. हंगामभर बागेतच राहणारी ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती, त्यांच्या शेगडीवरचा चहाही मी प्यायले होते, पण भाषेची अडचण म्हणून मी त्यांना टाळलं होतं. माझी संपृक्तता स्थानिक, मराठी बोलणाऱ्या मजुरांची होती आणि शीर्षकात मात्र ‘बागांमधील मजूर’ होतं. प्रबंध नाकारला गेला नाही, पण शीर्षकापासून निष्कर्षापर्यंत सगळं आवळून घ्यावं लागलं.

आता तुमच्या दोन ट्रान्स्क्रिप्टकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त तिथे थांबावंसं वाटलं. तिसऱ्या मुलाखतीत तुम्ही विचारलंय, ‘लिलावात मासळी घेता तेव्हा पैसे कुठून येतात?’ त्यावर बाई जवळजवळ पानभर बोलल्यात. बोटवाल्याची बायको हिशोब तोंडी कसा ठेवते, संध्याकाळी पैसे द्यायचे असतात पण मासळी उरली तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला कसं जड जातं, बोटवाला बोलत काही नाही पण दुसऱ्या दिवशी पहिली टोपली दुसरीला जाते. केवढं आहे यात!

आणि चौदाव्या मुलाखतीत तुम्ही विचारता, ‘तुम्हीपण बोटवाल्याकडून उधारीवरच घेता ना?’ बाई म्हणतात, ‘होय गो.’ तुम्ही, ‘आणि संध्याकाळी देता?’ त्या म्हणतात, ‘होय. सगळ्यांचां तसांच आसा गो. येगळां काय सांगू?’ आणि तुम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळता.

इथे तुम्हाला तेच तेच ऐकू आलं, पण ते बोललं कोणी? तुम्हीच बोललात. बाईंनी फक्त होकार दिला. तुमच्या यादीत मुलाखतींची मिनिटंही आहेत, तीही बघा. पहिल्या पाच मुलाखती ५५ ते ७५ मिनिटांच्या आणि शेवटच्या पाच २० ते ३० मिनिटांच्या. हे सगळ्यांचंच होतं. दहा जणींचं ऐकल्यावर आपल्याला उत्तर ठाऊक आहे असं वाटायला लागतं, प्रश्न उत्तरासकट विचारला जातो, ‘म्हणजे कसं?’ हे विचारणं सुटतं, आणि बाईही ओळखते की हिला काय हवंय. मग नवे कोड शून्यावर येतात. ती संपृक्तता विषयाची नसते, मुलाखत घेणाऱ्याची असते.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, सॅच्युरेशन जाहीर करण्याआधी एक साधं काम करा. शेवटच्या तीन मुलाखतींची ट्रान्स्क्रिप्ट घ्या आणि त्यातली फक्त स्वतःची वाक्यं अधोरेखित करा. ‘ना?’, ‘म्हणजे तुम्हालापण…’, ‘तसंच ना?’ अशा शेपट्या दिसल्या, किंवा आपली वाक्यं समोरच्याच्या उत्तरांपेक्षा लांब दिसली, तर त्या मुलाखती पुराव्यात धरू नका. आणि ‘सगळ्यांचं तसंच’ हे वाक्य कानावर आलं की तिथे थांबून विचारा, ‘सगळ्यांचं म्हणजे कोणाकोणाचं? तुमच्याकडे गेल्या वेळी मासळी उरली तेव्हा काय झालं, ते सांगा.’ ठरावीक एका दिवसाबद्दल विचारलं की ‘सगळ्यांचं’ गळून पडतं.

आता मोजणीबद्दल. समितीला ‘कशावरून’चं उत्तर हवंय तर ते आकड्यांत देता येतं, आणि ते अवघड नाही. पहिल्या काही मुलाखती पाया धरायच्या, त्यांत एकूण किती वेगळे कोड आले ते मोजायचं, मग पुढच्या दोन किंवा तीन मुलाखतींमध्ये मिळून नवे किती आले ते पायाच्या किती टक्के होतात ते काढायचं. तुमच्या तक्त्यात पाया सहाचा धरला तर ४० कोड. सातवी ते नववीत ६ नवे, म्हणजे १५ टक्के. दहावी ते बारावीत २, म्हणजे ५ टक्के. तेरावी ते पंधरावीत शून्य, सोळावीतही शून्य. ५ टक्के किंवा त्याखाली आलं की पुरे, असा उंबरठा ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये या पद्धतीसाठी सुचवला होता. तेव्हा उद्या कोणी विचारलं तर तुमच्याकडे आकडा आहे.

पण तो आकडा किती नाजूक असतो ते कळायला दोन गोष्टी करून बघा. एक म्हणजे क्रम बदला. तुमच्या एक्सेलमध्ये ओळींना मुलाखती आणि स्तंभांना कोड आहेतच. आठवी आणि बारावी शेवटी टाकून नवे कोड पुन्हा मोजा. त्या दोघींनी आणलेले चारही कोड दुसऱ्या कोणाकडेच नाहीत, म्हणजे तुमची सपाटी चौदाव्या मुलाखतीपर्यंत टिकेल आणि अगदी शेवटी पुन्हा चढ लागेल. त्याच मुलाखती, तेच कोड, फक्त क्रम वेगळा. मग त्याच तक्त्यावरून कोणी ‘झालं’ म्हणेल आणि कोणी ‘आत्ता कुठे सुरू झालं’ म्हणेल.

दुसरी गोष्ट म्हणजे कोडांचा आकार. तुमच्याकडे ‘आर्थिक अडचण’ असा एक कोड आहे आणि तो १६ पैकी १६ जणींना लागलाय. एवढा मोठा कोड दुसऱ्याच मुलाखतीत संपृक्त होतो, त्यात काहीही मावतं. उलट ‘बर्फाच्या लादीचा भाव’ आणि ‘बर्फ वितळून मासळी उतरणं’ असे बारीक बारीक कोड पाडत गेलं तर पन्नासाव्या मुलाखतीतही नवा कोड निघेल. त्यामुळे नुसती संख्या सांगू नका, कोड कोणत्या पातळीचे आहेत त्याची दोन-तीन उदाहरणं द्या. आणि संशोधन प्रश्नाला लागणारे कोड वेगळे काढा. आठव्या बाईंनी दिलेल्या तीन कोडांपैकी ‘पायदुखी’ महत्त्वाची असली तरी तुमच्या प्रश्नाच्या बाहेरची आहे. ‘गिऱ्हाइकाकडे महिनाभराची उधारी’ मात्र थेट गाभ्यातली आहे, आणि ती ओट्यावरच्या एकीनेही सांगितली नव्हती. कारण उघड आहे. ओट्यावर वाटा लावून रोखीने विकतात, तर गावात पाटी घेऊन फिरणारी ओळखीवर देते आणि पगार झाला की, काजूचे पैसे आले की वसूल करते.

इथेच मला सगळ्यात खोल वाटणारा मुद्दा येतो. कोड नवा येणं थांबणं आणि तो समजणं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोनिक हेनिंक, बॉनी कायझर आणि व्हिन्सेंट मार्कोनी यांनी २०१७ मध्ये २५ सखोल मुलाखती घेऊन हाच फरक तपासला. नवे कोड येणं नवव्या मुलाखतीपर्यंत जवळजवळ थांबलं. पण त्या कोडांचा अर्थ, त्याचे पदर, कधी लागू आणि कधी नाही, हे पुरतं कळायला १६ ते २४ मुलाखती लागल्या. ठोस, हाताला लागणाऱ्या गोष्टी लवकर भरतात. नातेसंबंध, लाज, भरवसा अशा गोष्टी उशिरा.

तुमच्याकडे ‘उधारी’ पहिल्या मुलाखतीतच आली. म्हणून ती संपृक्त झाली का? मी एक कागद घेऊन तुमच्या तक्त्यातल्या नोंदींवरून फक्त ‘उधारी’ची यादी केली. पहिल्या मुलाखतीत बोटवाल्याची उधारी, संध्याकाळी फेडायची. तिसरीत, फेडली नाही तर पहिली टोपली जाते. पाचवीत बचत गटाचं कर्ज काढून बोटवाल्याला देणं. आठवीत गिऱ्हाइकाची उधारी, म्हणजे बाई स्वतःच देणेकरी आणि स्वतःच सावकार. दहावीत नवऱ्याला कळू न देता घेतलेले हातउसने. त्यानंतर सहा मुलाखतींत या पदरांत काहीच भर पडली नाही, पण त्यातल्या पाच मुलाखती अर्ध्या तासाच्या आतल्या आहेत. तेव्हा भर पडली नाही की आपण विचारलंच नाही, हे मला तरी सांगता येत नाही. तुम्ही ऑडिओ ऐकून ठरवा. आपल्या प्रश्नाच्या गाभ्यातले चार-पाच कोड निवडून प्रत्येकाचा असा एकेक कागद करा. व्हायव्हात टक्केवारीपेक्षा हे कागद जास्त उपयोगी पडतात.

आता १२ आणि ३०.

तुमच्या मित्राचा पेपर मला माहीत आहे. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा. घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखतींवर तो आधारलेला आहे. घानामधल्या मुलाखतींतून निघालेल्या १०९ कोडांपैकी ८० पहिल्या सहा मुलाखतींत आणि १०० पहिल्या बारांत आले होते. पण त्या लेखकांनीच सांगितलंय की त्यांचा गट बऱ्यापैकी सारखा होता, सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारले होते आणि उद्देश मर्यादित होता. यातली एकही अट सुटली की १२ चा आधार सुटतो. तुमच्या १४ ओटेवाल्यांना ते कदाचित लागू पडेल. पाटीवाल्या, सुकी मासळीवाल्या, हॉटेलला पुरवणारी सून या सगळ्यांना मिळून लागू पडणार नाही.

आणि गाइडचे ३०? त्यांना दोष देऊ नका, हा आकडा विद्यापीठाच्या हवेतच आहे. मार्क मेसन यांनी २०१० मध्ये मुलाखतींवर आधारलेले ५६० पीएच.डी. प्रबंध तपासले. सरासरी नमुना ३१ निघाला. पण खरी गंमत पुढे आहे. आकडे १०, २०, ३०, ४० अशा दहाच्या पटींवर साचलेले होते. संपृक्तता खरोखर बघून लोक थांबले असते तर कुणी १७ वर, कुणी २३ वर, कुणी ३४ वर थांबलं असतं. गोल आकडे दिसतात तेव्हा संख्या आधी ठरते आणि कारण मागून लिहिलं जातं. गाइडशी बोलताना ‘३० कशाला?’ असं विचारू नका. ‘कोणत्या प्रकारच्या बायका राहिल्यात, त्या मी घेते’ असं म्हणा. त्यांना जी काळजी आहे, नमुना तोकडा पडेल ही, ती अशाने खरोखर मिटते. आणखी १४ ओटेवाल्या घेऊन आकडा ३० करण्याने ती मिटत नाही.

तर काय करायचं? मला तीन वाटा दिसतात.

पहिली, इथेच थांबायचं आणि दावा आवळायचा. शीर्षकात आणि प्रश्नात ‘मार्केटात ओट्यावर बसून ताजी मासळी विकणाऱ्या बायका’ असं स्पष्ट करायचं, आठवी आणि बारावी तुलनेसाठी ठेवायच्या. वेळ अगदीच संपला असेल, शिष्यवृत्ती थांबत असेल तर ही वाट प्रामाणिक आहे. पण तरीही शेवटच्या पाचांपैकी दोघी-तिघींकडे पुन्हा जा आणि सावकाश बोला. दुसऱ्यांदा गेलं की नव्या मुलाखतीपेक्षा जास्त मिळतं, हा माझा अनुभव आहे.

दुसरी वाट, जी मी तुमच्यासाठी निवडेन: आणखी आठ मुलाखती, मुद्दाम वेगळ्या. तीन पाटीवाल्या, तीन सुकी मासळी विकणाऱ्या, आणि धंदा सोडलेल्या दोघी. सुकी मासळी यासाठी की तिथे भांडवलाचं चक्रच निराळं आहे. ताजी मासळी सकाळी घेतली, संध्याकाळी फिटली. सुकी मासळी उन्हाळ्यात घ्यायची, खारवायची, वाळवायची आणि पावसाळ्यात विकायची, म्हणजे पैसा महिनोन्‌महिने अडकतो. धंदा सोडलेल्या यासाठी की उधारी न झेपल्यामुळे कोणी बाहेर पडलं का, हे टिकून राहिलेल्या बाईकडून कधीच कळणार नाही. आणि यातली एकही अध्यक्षबाईंकडून मिळवू नका. त्यांच्याशी संबंध ठेवाच, पण त्यांच्या गटाच्या कर्जाबद्दल वाईट बोलेल अशा बाईकडे त्या तुम्हाला नेणार नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही.

थांबायचं कधी, हे या आठ सुरू करण्याआधी वहीत तारीख घालून लिहा. जिल फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक सोपी रीत सुचवली: आधी किमान मुलाखती ठरवायच्या, त्यांच्या उदाहरणात दहा, आणि मग सलग तीन मुलाखतींत नवीन काही आलं नाही तर थांबायचं. तुम्ही असं लिहू शकता: ‘भांडवल आणि उधारी यांच्याशी थेट संबंधित नवा कोड किंवा जुन्या कोडाचा नवा पदर सलग तीन मुलाखतींत आला नाही, आणि त्या तिघी एकाच प्रकारच्या नसल्या, तर थांबेन.’ शेवटची अट विसरू नका. आणि प्रत्येक मुलाखत झाली की पुढची घेण्याआधी कोड करा. सगळ्या घेऊन मग कोड केले तर सॅच्युरेशन बघून थांबले असं म्हणताच येत नाही; ‘नंतर तपासलं’ एवढंच म्हणता येतं.

आठ मुलाखतींत गाभ्यातलं बरंच नवं आलं तर घाबरू नका, पण तीन सुक्या मासळीवाल्यांवरून त्या गटाची संपृक्तता झाली असंही म्हणू नका. या आठ जणी तुमच्या मांडणीची परीक्षा घेण्यासाठी आहेत. मांडणी तिथे वाकली तर कुठे वाकली ते लिहा.

तिसरी वाट म्हणजे हा शब्दच सोडून देणं. तुमचं विश्लेषण रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक पद्धतीचं असेल, तर व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २०२१ मध्ये स्पष्टच म्हटलंय की संपृक्तता त्या पद्धतीत नीट बसत नाही, कारण अर्थ मुलाखतीत पडून नसतो, संशोधक तो घडवतो. तिथे किर्स्टी मालतेरुद आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा ‘माहितीची ताकद’ हा विचार कामी येतो. उद्देश जितका नेमका, माणसं जितकी विषयाच्या जवळची, हाताशी सिद्धांताचा आधार जितका पक्का, संवाद जितका सकस, तितक्या कमी मुलाखती पुरतात. आणि सगळ्या गटांतून आरपार तुलना करायची असेल तर जास्त लागतात. पण तुम्ही कोड मोजलेत, गटांची तुलना करायची इच्छा आहे, त्यामुळे तुम्हाला ही वाट फारशी लागू नाही. निव्वळ समितीचा प्रश्न चुकवायला तिच्यावर जाऊ नका. तिथे वीस-पंचवीस मिनिटांचा ‘होय गो’वाला संवाद जास्तच उघडा पडेल.

आता लिहायचं काय. एका वाक्याऐवजी दोन परिच्छेद लिहा. मजकूर साधारण असा:

‘सहभागींची निवड उद्देशपूर्ण पद्धतीने दोन टप्प्यांत केली. पहिल्या टप्प्यात १६ मुलाखती घेतल्या; त्यांपैकी १४ जणींशी संपर्क एका बचत गटाच्या अध्यक्षांमार्फत झाला व त्या सर्व एकाच मार्केटमधील होत्या. या टप्प्यात थांबण्याचा निर्णय मुलाखतींत पुनरावृत्ती जाणवल्यामुळे घेतला. कोडांची मोजणी त्यानंतर केली. पहिल्या सहा मुलाखतींत ४० कोड आढळले. नंतरच्या तीन-तीन मुलाखतींच्या गटांत नव्या कोडांचे प्रमाण १५, ५ व ० टक्के होते आणि सोळाव्या मुलाखतीत नवा कोड आला नाही. मात्र सहाव्या मुलाखतीनंतरच्या आठ नव्या कोडांपैकी चार कोड या मार्केटबाहेरील दोन सहभागींकडून आले. तसेच शेवटच्या पाच मुलाखती तुलनेने लहान होत्या. म्हणून दुसऱ्या टप्प्यात पाटीवर विक्री करणाऱ्या, सुकी मासळी विकणाऱ्या व व्यवसाय सोडलेल्या आठ स्त्रिया मुद्दाम निवडल्या व थांबण्याचा निकष आधीच नोंदवला.’

पुढे दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष काय आलं ते लिहा, आणि मग मर्यादा: कोणत्या संकल्पना तुमच्या मते भरल्या, कोणत्या भरल्या नाहीत. ‘बोटवाल्याशी उधारीचं नातं ओटेवाल्यांपुरतं पुरेसं समजलं, गिऱ्हाइकाच्या उधारीबद्दल दावा प्राथमिक आहे’ असं एक वाक्य समितीचं अर्धं काम करून टाकतं. पहिल्या टप्प्यात मनाने थांबलात हे लपवू नका. ते लिहिलेलं वाचून कोणी हरकत घेत नाही. लपवलेलं तारखांवरून सापडतं. लेख एखाद्या आरोग्यविषयक नियतकालिकाला पाठवायचा झाला, तर ते बहुधा मुलाखतींवरच्या अभ्यासात काय काय नोंदवायचं याची २००७ ची कोरेक ही ३२ मुद्द्यांची यादी मागतील. तीत नमुना कसा निवडला, किती जणी, किती नाही म्हणाल्या आणि संपृक्ततेची चर्चा केली का, हे वेगवेगळे मुद्दे आहेत. नकार देणाऱ्यांची संख्या तुमच्या यादीत कुठेच नाही, ती आठवून आत्ताच लिहून ठेवा.

एक सावधगिरी. सहभागींचा तक्ता देताना ‘वय ६२, विधवा, सुकी मासळी, अमुक बंदर’ असं देऊ नका. आपल्या छोट्या बंदरावर अशी बाई एकच असते आणि तिने बोटवाल्याबद्दल काय सांगितलं हे दुसऱ्या दिवशी जेटीवर कळेल. वय दशकात द्या, बंदराचं नाव काढा, आणि सुकी-ताजी हे एका तक्त्यात दिलं तर कुटुंबाची माहिती दुसऱ्या तक्त्यात एकत्रित द्या.

राहिला हंगाम. तुमच्या सगळ्या तारखा फेब्रुवारी ते एप्रिलच्या आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा बोटवाल्याची उधारी बंद आणि घरखर्च चालू, म्हणजे तुमच्या प्रश्नासाठी वर्षातले सगळ्यात बोलके दोन महिने तुमच्या डेटात फक्त आठवणीतून आलेत. सुक्या मासळीवाल्यांच्या तीन मुलाखती तरी त्या दोन महिन्यांत घ्या. माल विकायला काढलेला असेल, कोणाचे पैसे आधी द्यायचे याचा हिशोब तेव्हा त्यांच्या तोंडावर असेल, आणि ओट्यावरच्या बायकाही जरा मोकळ्या असतील. चौदाव्या बाईंकडे पुन्हा जायचं झालं तर तेव्हाच जा, आणि रेकॉर्डर लावण्याआधी त्यांना सांगा की मागच्या वेळी मी घाईत होते.